विश्लेषण : घर बंद, तरी पाण्याचे मीटर चालू! फ्लशच्या टाकीतील छुपी गळती कशी पकडायची?

घराला कुलूप लावून पाच दिवस गावी जावे, परतल्यावर पाण्याचे मीटर पाहावे आणि ते तीनशे लिटरने पुढे सरकलेले दिसावे. एकही नळ टपकत नाही, भिंतीला ओल नाही, खालच्या मजल्यावरून तक्रार नाही. अशा वेळी संशयाची सुई मीटरकडे वळते. प्रत्यक्षात हे पाणी अनेकदा फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये आणि तेथून थेट मैलावाहिनीत गेलेले असते. ही गळती दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ती पकडण्यासाठी थोडासा खाण्याचा रंग, पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो. मात्र रंग दिसल्यावर त्याचा अर्थ नीट लावला नाही, तर चांगला भाग बदलला जातो आणि बिघडलेला तसाच राहतो.

मीटर खोटे, की घर गळके?

उदाहरणादाखल पुण्यातील एक सोसायटी घेऊ. उन्हाळ्यात टँकर येतात आणि प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र मीटर आहे. पती, पत्नी आणि सासूबाई असे तिघांचे कुटुंब पाच दिवस बाहेरगावी गेले. परतल्यावर मीटरचे वाचन ३१२ लिटरने वाढलेले होते, म्हणजे रोज सुमारे ६२ लिटर. ‘घरात माणूस नव्हते, तर पाणी वापरले कोणी?’ असा त्यांचा सवाल आणि मीटर बदलून देण्याची मागणी. समितीचे म्हणणे असे, की मीटर बदलण्याआधी घर तपासा.

तपासणीची पहिली पायरी टाकी उघडण्याची नाही, तर गळतीची जागा आवळत आणण्याची असते. पहिल्या रात्री अकरा वाजता मीटरचे लाल आकडे लिहून ठेवण्यात आले. बहुतेक घरगुती मीटरवर काळे आकडे घनमीटर आणि लाल आकडे लिटर दाखवतात. रात्रभर पाणी न वापरता सकाळी सहाला पाहिले, तर मीटर १८ लिटरने पुढे गेले होते. दुसऱ्या रात्री दोन्ही शौचालयांतील टाक्यांखालचे अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून टाकीकडे जाणाऱ्या नळीवरचे छोटे कॉक, बंद केले. त्या सात तासांत मीटर जागचे हलले नाही. नळ, गिझर आणि भिंतीतले पाइप यांच्यावरचा संशय तिथेच संपला. गळती दोनपैकी एका टाकीत होती. सासूबाईंनी एक गोष्ट आधीच सांगितली होती, पण कोणी मनावर घेतले नव्हते. ‘हॉलजवळची टाकी रात्री मध्येच सुस्कारा टाकते,’ असे त्या म्हणत.

इतके पाणी जाते, मग आवाज का येत नाही?

सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ घरादाराची झोप उडवतो. एका थेंबात साधारण ०.०५ मिलिलिटर पाणी धरले, तर असा नळ दिवसाला सुमारे चार लिटर पाणी घालवतो. या घरातली टाकी मिनिटाला ४० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे त्या नळाच्या तेरापट पाणी सोडत होती. तरीही आवाज नव्हता, कारण हे पाणी उंचावरून पडत नाही. कमोडच्या कडेखालच्या छिद्रांतून ते गुळगुळीत चिनी मातीवर पसरते आणि पातळ पापुद्र्यासारखे खाली उतरते. भांड्यात साठलेल्या पाण्याची पातळी त्याने वाढत नाही. जितके पाणी वरून येते तितके मागच्या वळणातून निघून जाते.

टाकीतली पातळी थोडी खाली गेली, की तरंगता फ्लोट खाली येतो, भरणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि काही सेकंद ‘स्स्स’ असा आवाज करून टाकी पुन्हा भरते. सासूबाईंना ऐकू येणारा सुस्कारा हाच. कोणी फ्लश न करता टाकी अधूनमधून भरत असेल, तर गळती आहे असे समजावे. काही टाक्यांत फ्लोट इतका संवेदनशील असतो, की व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो आणि तोही आवाज येत नाही. मग खूण उरते ती भांड्याच्या मागच्या भिंतीवरच्या उभ्या रेघेची. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी सतत एकाच वाटेने उतरले, तर तिथे क्षारांची पांढरी किंवा तांबूस रेघ उमटते.

रंगाची चाचणी कशी करायची?

टाकीत निळी वडी टाकलेली असेल तर ती आधी काढावी आणि भांड्यात स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीनदा फ्लश करावे. टाकी पूर्ण भरून भरण्याचा आवाज थांबू द्यावा. त्यानंतर पाचेक मिनिटे थांबणे आवश्यक असते, कारण फ्लशनंतर कडेखाली अडकलेले पाणी काही वेळ ठिबकत राहते आणि ते गळतीसारखे भासते.

आता झाकण उचलून टाकीत लाल किंवा हिरव्या खाण्याच्या रंगाचे दहा-पंधरा थेंब टाकावेत. रंग पुडीतला असेल तर तो आधी वाटीभर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. कपड्यांना घालायची पातळ नीळही चालते. रांगोळी, गुलाल किंवा हळद मात्र वापरू नये. त्यांचे कण पाण्यात विरघळत नाहीत, तळाशी बसतात आणि सीलखाली अडकून नसलेली गळती निर्माण करू शकतात. रंग काडीने हलकेच ढवळावा, आतल्या भागांना धक्का लावू नये. मग अर्धा तास कोणीही फ्लश करायचा नाही.

अर्ध्या तासाने भांड्यातल्या पाण्यात रंग दिसला, तर टाकीतून पाणी उतरते आहे. गळती मोठी असेल तर पाच-दहा मिनिटांतच रंग दिसतो. फारच बारीक असेल तर रंग साठलेल्या पाण्यात मिसळून फिका पडतो आणि नजरेतून सुटतो. अशा वेळी भांड्याची मागची भिंत कोरड्या फडक्याने पुसून त्यावर टिश्यू पेपरची पट्टी चिकटवावी. पाण्याची बारीक धारही त्या कोऱ्या कागदावर रंगीत ओघळ उमटवते. खात्री करायची असेल तर चाचणी झोपण्यापूर्वी सुरू करून सकाळी पाहावी.

वरील घरात बेडरूमच्या शौचालयात अर्ध्या तासाने पाणी स्वच्छ होते. हॉलजवळच्या, पाहुण्यांखेरीज फारसे न वापरल्या जाणाऱ्या शौचालयात आठव्या मिनिटाला मागच्या भिंतीवर लाल रेघ उतरली.

रंग उतरला, म्हणजे रबरच खराब का?

सर्वाधिक चूक होते ती इथेच. रंग दिसताच ‘वॉशर गेला’ असे ठरवून टाकले जाते. पण टाकीतून भांड्यात उतरायला पाण्याला दोन वाटा असतात. एक तळाशी, फ्लश व्हॉल्व्हच्या सीलखालून. दुसरी वरून, ओव्हरफ्लोच्या नळीतून. भरणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल, तर पाणी चढत जाऊन ओव्हरफ्लोच्या तोंडावरून आत सांडते आणि तेही भांड्यातच जाते. दोन्ही प्रकारांत भांड्यात रंग सारखाच दिसतो. दोष मात्र पूर्णपणे वेगळ्या भागात असतो.

हा फरक अँगल कॉक सांगतो. टाकी भरू द्यावी, कॉक बंद करावा, पाण्याच्या रेषेवर टाकीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने खूण करावी आणि अर्धा तास थांबावे. पाणी खुणेखाली उतरत राहिले आणि भांड्यात रंग येत राहिला, तर गळती तळाशी आहे. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापाशी येऊन तिथेच स्थिर राहिले आणि रंग येणे थांबले, तर सील निर्दोष आहे आणि दुरुस्ती भरणाऱ्या व्हॉल्व्हची करायची आहे. पाणी मधल्याच एखाद्या उंचीवर थांबले, तर त्या उंचीवर ओव्हरफ्लोच्या नळीला चीर गेलेली असण्याची शक्यता असते. थोडक्यात, पाणी जिथे थांबते तिथे भोक शोधावे. पातळी उतरते, पण भांड्यात रंग अजिबात नाही, असे झाल्यास गळती भांड्याबाहेर आहे. अशा वेळी टाकीचे बोल्ट, जोड आणि फरशी कोरड्या कागदाने पुसून पाहावी.

एक सावधगिरी बाळगावी. ओव्हरफ्लोची गळती दिवसभर सारखी नसते. टाकीला थेट नळाचे पाणी जोडलेले असेल, तर दाब वाढल्यावरच ती सुरू होते. दुपारी निर्दोष ठरलेली टाकी पहाटे पाणी सुटल्यावर सांडत असू शकते. त्यामुळे अशा घरांत चाचणी पाणी येण्याच्या वेळी पुन्हा करावी.

नेमके किती पाणी जाते?

पेन्सिलच्या त्याच खुणेवरून गळतीचे माप निघते. वरील घरातील टाकी आतून ४० सेंटीमीटर लांब आणि १५ सेंटीमीटर रुंद होती, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटीमीटर. पातळी एक सेंटीमीटर उतरली की ६०० मिलिलिटर पाणी गेले. कॉक बंद ठेवल्यावर अर्ध्या तासात पातळी दोन सेंटीमीटर उतरली. म्हणजे सव्वा लिटरला थोडे कमी, तासाला २.४ लिटर आणि दिवसाला सुमारे ५८ लिटर.

मीटरने दाखवलेला आकडा रोज ६२ लिटरचा होता. कॉक सुरू असताना टाकी सतत भरलेली राहते आणि वरचा दाब कमी होत नाही, शिवाय पट्टीने मोजताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होतेच. इतक्या फरकात दोन्ही आकडे जुळतात. या जुळणीला महत्त्व आहे, कारण त्यातून मीटर खरे असल्याचे आणि घरात दुसरी मोठी गळती नसल्याचे एकदमच स्पष्ट झाले. हिशेब दहा-वीस लिटरचा आला असता, तर शोध पुढे चालू ठेवावा लागला असता.

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेनुसार मलनि:सारण व्यवस्था असलेल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. त्यातील चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी या एका टाकीतून वाहून जात होते. अशी गळती सहा घरांत असेल, तर महिन्याला दहा हजार लिटरचा एक टँकर केवळ कमोडमधून जातो. पाण्याचा खर्च सर्वांत सारखा वाटला जाणाऱ्या सोसायटीत तो कोणाच्याच लक्षात येत नाही.

सील कसे तपासायचे?

व्हॉल्व्ह बाहेर काढण्याआधी एक छोटी परीक्षा करावी. टाकी भरलेली असताना फ्लश व्हॉल्व्हचा मधला दांडा हाताने काही मिनिटे घट्ट खाली दाबून धरावा आणि भांड्याची भिंत पुसून पाहावी. ओघळ थांबला, तर दोष खाली बसणाऱ्या सीलमध्ये किंवा त्याच्या बैठकीत आहे. दाबूनही ओघळ सुरूच राहिला, तर पाणी व्हॉल्व्हच्या बुडाखालच्या मोठ्या वॉशरमधून जात असावे. तो वॉशर बदलण्यासाठी टाकी भिंतीवरून किंवा भांड्यावरून उतरवावी लागते. ते काम प्लंबरकडेच द्यावे.

सील तपासण्यासाठी कॉक बंद करून फ्लश करावा. उरलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे. बटणाच्या बहुतेक टाक्यांत फ्लश व्हॉल्व्हचे वरचे धड साधारण पाव वळसा फिरवले, की बैठकीतून सुटते आणि वर उचलता येते. फिरत नसेल तर जोर लावू नये, प्लास्टिकचे दात तुटतात. धडाच्या तळाशी रबराची किंवा सिलिकॉनची चपटी चकती दिसते. तेच सील.

चकतीकडे केवळ पाहून भागत नाही, तिच्यावरून बोट फिरवावे लागते. वर्षानुवर्षे एकाच कडेवर दाबली गेल्याने तिच्यावर गोल खाच पडते. खाच उथळ असेल तर हरकत नाही, नखाला अडकेल इतकी खोल असेल तर चकती बदलावी. चकती हलकेच वाकवून पाहावी. बारीक चिरा उघडल्या, ती ताठर लागली किंवा बोटांना काळे लागले, तर रबराचे आयुष्य संपले आहे. टाकीत टाकल्या जाणाऱ्या क्लोरीनच्या वड्या रबर लवकर खराब करतात.

त्यानंतर चकती ज्या गोल कडेवर बसते, ती बैठक तपासावी. हा भाग हमखास विसरला जातो. बोट पूर्ण वर्तुळात फिरवले, की क्षाराचा खडा, वाळूचा कण किंवा टवका लगेच लागतो. क्षार असल्यास व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेले फडके त्यावर अर्धा तास ठेवावे आणि मऊ नायलॉनच्या घासणीने घासावे. ब्लेड किंवा सँडपेपर लावू नये, कारण एका ओरखड्यातून कायमची वाट तयार होते. संडास साफ करण्याचे ॲसिडही टाकीत ओतू नये, त्याने टाकीतले धातूचे बोल्ट गंजतात आणि रबर खराब होते.

वरील घरात दोन्ही दोष निघाले. चकतीवर खोल खाच होती आणि बैठकीवर मोहरीएवढा क्षाराचा खडा. फारसे न वापरले जाणारे शौचालय असल्याने पाणी टाकीत साचून राहत होते आणि फ्लशच्या जोराने कण धुऊन जात नव्हते. नवी चकती घेताना जुनी सोबत नेण्यात आली. बाहेरचा व्यास आणि मधले भोक दोन्ही जुळले पाहिजेत, ‘साधारण एवढी’ चालत नाही. दुकानात केवळ ‘फ्लश व्हॉल्व्ह’ मागितला, तर टाकीशिवाय भिंतीवर बसणारा धातूचा व्हॉल्व्ह पुढे केला जाऊ शकतो. त्यामुळे ‘सिस्टर्न फिटिंगचे सील’ असे सांगावे.

नवे सील बसवूनही रंग का आला?

या कुटुंबाने सर्व भाग जोडून पुन्हा रंग टाकला, तेव्हा वीस मिनिटांनी फिकट ओघळ दिसलाच. चकती नवी, बैठक स्वच्छ, तरी गळती. कारण बटणात होते. झाकणावरचे बटण आणि व्हॉल्व्ह यांना जोडणारी काडी फिरवून लांब-आखूड करता येते. पुन्हा बसवताना ती थोडी लांब राहिली होती. झाकण ठेवले, की बटण न दाबताही काडी व्हॉल्व्हला किंचित टेकत होती आणि सील पूर्ण बसू देत नव्हती. झाकण काढून चाचणी केल्यावर रंग येणे थांबले आणि कारण उघड झाले. काडी आखूड करून बटणाला दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवल्यावर झाकणासह केलेली चाचणीही स्वच्छ निघाली.

म्हणूनच जाणकार प्लंबर रबराला हात लावण्याआधी झाकण काढून पाहतो. झाकण काढताच गळती थांबली, तर दुरुस्तीला एक रुपयाही लागत नाही.

सर्व टाक्यांना हीच पद्धत लागू पडते का?

जुन्या, दांडी किंवा साखळी ओढायच्या टाक्यांत बहुधा सायफन असतो. त्यात पाणी आधी वर चढून मग खाली ओढले जाते. तळाशी बंद राहणारे रबरच नसते, म्हणून झिजलेल्या सीलची गळतीही नसते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये या टाकीला ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’, म्हणजे पाण्याची नासाडी रोखणारी, असेच नाव होते. तिथे २००१ पर्यंत नव्या टाक्यांत सायफनच सक्तीचा होता. कमी-जास्त पाण्याचे दोन बटणांचे फ्लश आले आणि त्यांच्यासोबत तळाचे सीलही आले. सायफनच्या टाकीत रंग उतरला, तर पाण्याची पातळी प्रमाणाबाहेर चढते आहे का, हे आधी पाहावे.

भिंतीआड लपवलेल्या टाक्यांत बटणांची पट्टी काढल्यावर आत हात जाण्याइतकी जागा असते. रंग तिथूनच टाकता येतो आणि कॉकही बहुधा आतच असतो. चाचणी तीच राहते, पण पातळीची खूण करणे कठीण जाते. तिथे सात तासांचे मीटर वाचन अधिक उपयोगी पडते.

या घरात शेवटची तपासणी मीटरनेच झाली. रात्री अकराला आकडे लिहिले, दोन्ही कॉक सुरू ठेवले. सकाळी सहाला तेच आकडे होते. मीटर बदलण्याचा अर्ज मागे घेण्यात आला आणि हॉलजवळच्या टाकीचा सुस्कारा थांबल्याची खात्री सासूबाईंनी करून घेतली.